भाड्याची पावती : कोणत्या दिवसांचे, किती आणि कसे

‘सप्टेंबर. रु. ८,५०० मिळाले.’ खाली तारीख आणि मालकीणबाईंची सही. वहीतल्या पानाच्या चतकोरावर लिहिलेली ही पावती देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला त्या दिवशी पूर्ण समजली होती. पाच महिन्यांनी हिशेब करायला बसलेल्या तिसऱ्या माणसाला तिच्यातून काहीच कळेना. भाड्याच्या पावत्यांवरून होणाऱ्या बहुतेक भांडणांत कोणी खोटे बोलत नसते. पावतीवर जे लिहिले नाही ते प्रत्येक जण आपापल्या समजुतीने भरून घेतो, एवढेच.

पुण्यातल्या हडपसरसारख्या भागात हजारो घरांत चालतो तसा एक व्यवहार नमुन्यादाखल घेऊ. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार, सुरुवात १० जून २०२५, महिन्याला १८,५०० रुपये, अनामत ६० हजार. भाडे आगाऊ, म्हणजे दर महिन्याच्या १० तारखेला पुढच्या महिन्याभराचे. विजेचा मीटर मालकीणबाईंच्या नावावर असल्याने बिल त्या भरतात आणि भाडेकरू त्यांना पैसे देतो. भाडेकरू नोकरी करणारा तरुण, मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. दोघेही सरळ स्वभावाचे.

ऑगस्टमध्ये भाडेकरूची ओढाताण झाली. १४ तारखेला त्याने यूपीआयने १० हजार पाठवले आणि ‘बाकीचे थोड्या दिवसांनी देतो, काकू’ असे सांगितले. २ सप्टेंबरला उरलेले ८,५०० रोख नेऊन दिले. त्या दिवशी सप्टेंबर सुरू होता, म्हणून काकूंनी पावतीवर ‘सप्टेंबर’ लिहिले. आठवड्याभराने १० तारखेला त्याने पुढच्या महिन्याचे १८,५०० भरले. त्याच्या पावतीवरही ‘सप्टेंबर’ आले. जानेवारीत घर सोडायची वेळ आली तेव्हा काकू आजारी होत्या, म्हणून हिशेबाला त्यांचा मुलगा बसला. त्याच्यासमोर ऑगस्टचे फक्त १० हजार होते आणि सप्टेंबरच्या दोन पावत्या होत्या. त्यातली ८,५०० ची पावती साचलेल्या वीजबिलाची असणार, असा त्याने अंदाज केला आणि ऑगस्टचे ८,५०० अनामतीतून कापायचे ठरवले. त्याचा अंदाज चुकीचा होता, पण कागद पाहता वेडगळ नव्हता.

रक्कम बरोबर होती, सही खरी होती, तारीखही खरी होती. चुकले ते महिन्याचे नाव.

महिन्याचे नाव कालावधी सांगत नाही, हे पावती लिहिणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. करार १० तारखेला सुरू झाला की ‘जूनचे भाडे’ म्हणजे १० जून ते ९ जुलैचे, की जूनमध्ये दिलेले, की १ ते ३० जूनचे? ज्या घरांत भाडे महिना संपल्यावर देतात, तिथे जूनमध्ये मिळालेले पैसे मेचे असतात. आगाऊ घेणाऱ्यांकडे ते जूनचे किंवा जुलैचेही असू शकतात. म्हणून कालावधी दोन तारखांनी लिहावा, ‘१० ऑगस्ट २०२५ ते ९ सप्टेंबर २०२५, दोन्ही दिवस धरून’. महिना अक्षरात लिहावा. ०५/०७/२५ सारख्या तारखेत पाच जुलै की सात मे, हा प्रश्न परदेशात राहणाऱ्या मुलाला किंवा कंपनीच्या हिशेबनिसाला पडू शकतो. आणि पैसे मिळाल्याची तारीख या कालावधीपासून वेगळ्या जागी लिहावी, म्हणजे ‘२ सप्टेंबर’चा ‘सप्टेंबर’ होणार नाही.

हा केवळ नीटनेटकेपणाचा मामला नाही, त्यामागे कायदा उभा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ५९, ६० आणि ६१ यांचा विषयच हा आहे : एकाच माणसाकडून अनेक रकमा येणे असतील आणि त्याने काही पैसे दिले, तर ते कशापोटी धरायचे? देणाऱ्याने देताना सांगितले असेल, किंवा परिस्थितीवरून ते उघड असेल, तर घेणाऱ्याला त्याच बाकीत ते जमा करावे लागतात. देणाऱ्याने काहीच सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही काही उमगत नसेल, तर निवड घेणाऱ्याच्या हाती जाते. तो ते कोणत्याही कायदेशीर बाकीपोटी धरू शकतो. वसुलीची मुदत उलटून गेलेल्या जुन्या बाकीपोटीसुद्धा. दोघांनीही काही ठरवले नाही, तर सर्वांत जुनी बाकी आधी फिटते. म्हणजे थकलेले वीजबिल, मागचे राहिलेले भाडे आणि चालू भाडे अशा तीन गोष्टी डोक्यावर असताना भाडेकरूने नुसते १० हजार पाठवले, तर ते चालू भाड्यात जमा होतील अशी खात्री त्याला धरता येत नाही.

त्यामुळे कालावधी सांगण्याची पहिली जबाबदारी पैसे देणाऱ्याची, आणि तीही पैसे देतानाच. यूपीआयमध्ये रकमेखाली टीप लिहायची जागा असते. तिथे ‘rent’ किंवा घराचे चित्र टाकून लोक मोकळे होतात. त्याऐवजी `RENT 10AUG-09SEP25` एवढे लिहिले तरी काम होते. बँकेच्या उताऱ्यात ही टीप अनेकदा अर्धवट छापली जाते, म्हणून पैसे पाठवल्याबरोबर मालकाला एक पूर्ण वाक्याचा निरोपही धाडावा. त्यावर मालकाने पाठवलेला अंगठा पैसे पोहोचल्याचे सांगतो. कोणत्या दिवसांचे भाडे फिटले, हे सांगत नाही.

आता २ सप्टेंबरची पावती कशी असायला हवी होती, ते पाहू.

‘पावती क्र. ४. दि. २ सप्टेंबर २०२५. (भाडेकरूचे पूर्ण नाव) यांच्याकडून, (सदनिका क्रमांक व पूर्ण पत्ता) या जागेच्या दि. १० ऑगस्ट २०२५ ते ९ सप्टेंबर २०२५, दोन्ही दिवस धरून, या कालावधीच्या एकूण रु. १८,५००/- भाड्यापैकी, दि. १४ ऑगस्ट २०२५ रोजी यूपीआयने मिळालेले रु. १०,०००/- वजा जाता उरलेले रु. ८,५००/-, अक्षरी रुपये आठ हजार पाचशे फक्त, आज रोख मिळाले. या कालावधीचे भाडे पूर्ण चुकते झाले. या रकमेत वीजबिल किंवा अनामत धरलेली नाही.’

वाक्य लांब आहे खरे. पण ते वाचून मुलाला कोणताही अंदाज करावा लागला नसता. त्यात दोन शब्द विशेष काम करतात. ‘एकूण १८,५०० पैकी’ म्हटल्याने ही रक्कम पूर्ण भाडे नसून तुकडा आहे, हे उघड होते; आणि ‘पूर्ण चुकते झाले’ म्हटल्याने तो शेवटचा तुकडा आहे, हेही. १४ ऑगस्टला दिलेल्या पावतीत याच जागी ‘बाकी रु. ८,५००/-’ यायला हवे होते. जुन्या वळणाची माणसे सवयीने प्रत्येक पावतीखाली ‘भरून पावलो’ लिहितात. अर्धे भाडे घेऊन तसे लिहिणारा मालक आपल्याच हाताने उरलेली बाकी संशयात टाकतो.

अंक आणि अक्षर दोन्ही लिहिण्याची रीत धनादेशावरून सर्वांना माहीत आहे. देवनागरीत तिचे वेगळे कारणही आहे. हाताने लिहिलेल्या १ चा ९ करायला पेनाचा एक फेरा पुरतो. रकमेच्या पुढे ‘रु.’ चिकटून आणि मागे ‘/-’ लिहिले की अलीकडे-पलीकडे अंक घुसवायला जागा उरत नाही. खाडाखोड झालीच, तर दुरुस्तीवर छोटी सही करण्यापेक्षा ती पावती रद्द करून नवी लिहिणे बरे. रद्द पावती स्थळप्रतीसकट पुस्तकातच ठेवावी, नाहीतर क्रमांकात पडलेले खिंडार पुढे प्रश्न उभा करते.

रक्कम कशी मिळाली, हे लिहिण्यात मालकाचा स्वार्थ भाडेकरूहून मोठा आहे. समजा, १० सप्टेंबरला १८,५०० रुपये खात्यात जमा झाले आणि काकूंनी ‘१८,५०० भाडे मिळाले’ एवढीच पावती लिहून दिली. भाडेकरूच्या हाती आता दोन पुरावे आहेत : बँकेचा उतारा आणि पावती. व्यवहार एकच, पण पावतीवर ‘यूपीआय’ हा शब्द नसल्याने, ‘बँकेतले पैसे सप्टेंबरचे आणि पावती आहे ती रोख दिलेल्या ऑक्टोबरच्या पैशांची’ असे म्हणायला फट राहते. तो असे म्हणेलच असे नाही. पण पावती लिहायची ती त्याच्या जागी दुसरा कोणी आला तरी टिकेल अशी.

म्हणून खात्यावर आलेल्या पैशांची पावती त्या एका नोंदीला बांधून टाकावी : ‘दि. १० सप्टेंबर २०२५ रोजी यूपीआयद्वारे, यूटीआर क्र. (बारा अंक), माझ्या (बँकेचे नाव) येथील, शेवटचे चार अंक अमुक असलेल्या खात्यात जमा. या रकमेबद्दल वेगळी रोख रक्कम मिळालेली नाही.’ इथे एक बारीक गफलत होते. पैसे पाठवल्यावर पडद्यावर दोन क्रमांक दिसतात. एक त्या ॲपचा स्वतःचा असतो आणि दुसरा बारा अंकी यूटीआर. बँकांच्या नोंदीत जुळतो तो यूटीआर, म्हणून पावतीवर तोच हवा. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरांचा असतो आणि त्यात अंकांबरोबर इंग्रजी अक्षरेही येतात, तेव्हा तो बघून बघून उतरवावा किंवा सरळ नकलून चिकटवावा. आणि पावती लिहायची ती भाडेकरूने पाठवलेल्या पडद्याच्या चित्रावरून नव्हे, तर स्वतःच्या खात्यात रक्कम दिसल्यावर. ‘प्रोसेसिंग’ अवस्थेतले चित्र घाईत नीट वाचले जात नाही, आणि अडकलेले पैसे परत गेले तरी चित्र तसेच राहते.

धनादेशाचे तर्क निराळे. तो हातात पडला म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. धनादेशाचा क्रमांक, त्यावरची तारीख आणि बँक लिहून ‘धनादेश वटल्यावरच ही पावती ग्राह्य’ एवढे जोडले की पुरते.

पैसे नेहमी भाडेकरूच्याच खात्यातून येतात असेही नाही. वडील पाठवतात, बायको पाठवते. एका घरात राहणारी तीन मुले आपापला वाटा वेगळा पाठवतात. अशा वेळी ‘(भाडेकरूचे नाव) यांच्या वतीने त्यांच्या वडिलांच्या खात्यातून’ हे शब्द पावतीत हवेत, नाहीतर भाडेकरूच्या उताऱ्यात ती नोंद कधीच सापडणार नाही. तिघांच्या घरात प्रत्येकाला त्याच्या वाट्याची वेगळी पावती द्यावी आणि प्रत्येक पावतीवर एकूण भाडे व ‘पैकी’ लिहावे. तीन पावत्यांवर तीनदा पूर्ण भाडे लिहिलेले दिसले, तर हिशेब कोणालाच लागायचा नाही.

नोव्हेंबरात गिझर बिघडला. दुरुस्तीचे १,२०० भाडेकरूने दिले आणि काकूंच्या संमतीने भाड्यातून कापून १७,३०० पाठवले. आता पावती किती रुपयांची? भाडे १८,५०० चेच आहे आणि ते पूर्ण फिटले आहे, पण बँकेत १७,३०० दिसतात. ‘रु. १८,५००/- भाड्यापोटी रु. १७,३००/- यूपीआयने जमा आणि रु. १,२००/- गिझर दुरुस्तीच्या बिलापोटी, माझ्या संमतीने, वळते’ असे लिहिले की दोन्ही आकडे एकाच कागदावर नांदतात. फक्त १७,३०० लिहिले तर पुढे कोणीतरी १,२०० बाकी काढते. फक्त १८,५०० लिहिले तर उतारा आणि पावती जुळत नाहीत.

पावती जुळण्याची सर्वांत मोठी परीक्षा घेतात ते कार्यालयातले हिशेबनीस. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावर सवलत मागणाऱ्या पगारदाराला भाड्याचा पुरावा द्यावा लागतो आणि वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅनही. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पुराव्यांची मागणी येते आणि मग एका बैठकीत, एका पेनाने, वर्षभराच्या पावत्या लिहिल्या जातात. कितीतरी छापील नमुन्यांत ‘रोख’ हा शब्द आधीच छापलेला असतो. पैसे बारा महिने खात्यावर गेलेले आणि पावत्या बाराही रोखीच्या, अशी फाइल मग खऱ्या भाड्यालाही खोट्याचा वास लावते. पावती उशिरा लिहिण्यात गैर काही नाही, गैर आहे मागची तारीख घालणे. ‘रक्कम १० सप्टेंबर २०२५ रोजी जमा, ही पावती १५ जानेवारी २०२६ रोजी लिहून दिली’ असे दोन तारखांनी लिहिले की प्रश्न मिटतो. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात या रकमेला सहसा भाडे म्हणत नाहीत, परवाना शुल्क किंवा लायसन्स फी म्हणतात. बोलताना सगळे भाडेच म्हणतात, पण पावतीवर करारातला शब्द ठेवणे श्रेयस्कर.

मुंबईतल्या पागडीच्या खोल्यांत पावतीचे वजन आणखी वाढते. अनेक चाळींत कराराचा कागदच नसतो, किंवा तो दोन पिढ्यांपूर्वी गहाळ झालेला असतो. तिथे कुटुंबाचा भाडेकरू म्हणून हक्क पाठोपाठच्या भाडेपावत्यांवर उभा असतो, म्हणून त्या जुन्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या सापडतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ३१ प्रमाणे पैसे मिळताच लेखी पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे आणि ती न देणे शिक्षापात्र आहे. याच कायद्यानुसार थकबाकीसाठी दावा लावण्याआधी मालकाला लेखी मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. अशा नोटिशीत अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचे भाडे थकले, असे लिहिलेले असते. तिला उत्तर देताना भाडेकरूला नेमक्या त्याच महिन्यांच्या पावत्या मांडाव्या लागतात. मेहताजीने तीन-चार महिन्यांचे भाडे एकदम घेऊन ‘मागील भाडे मिळाले’ अशी एकच ओळ लिहिली असेल, तर ती इथे पंगू ठरते. पावती एकच असली तरी चालेल, पण तीत पहिला आणि शेवटचा महिना, दरमहाचा दर आणि भाड्याशिवाय घेतलेले कर किंवा दुरुस्तीचा उपकर वेगवेगळे दिसायला हवेत.

राहिले रेव्हेन्यू स्टॅम्पचे. भारतीय मुद्रांक कायद्यानुसार पाच हजारांहून अधिक रकमेच्या पावतीला एक रुपयाचे तिकीट लागते. २००४ पर्यंत ही मर्यादा पाचशे रुपये होती, म्हणून ज्येष्ठ मंडळी अजूनही आठशेच्या पावतीला तिकीट शोधताना दिसतात. तिकीट फक्त रोखीला लागते, असा सार्वत्रिक समज आहे. पण कायद्याच्या व्याख्येत धनादेश मिळाल्याची पोचही पावतीच धरली आहे, तेव्हा एक रुपया वाचवण्यात अर्थ नाही. सही तिकिटावरून आरपार जाऊन कागदावर उतरावी, म्हणजे ते तिकीट पुन्हा वापरता येत नाही. तिकीट नसले म्हणून पावती रद्दी होते असे मात्र नाही. तिकिटाची पावती देणे ज्याच्यावर बंधनकारक होते त्याच्याचविरुद्ध बिनतिकिटाची पावती पुराव्यात दाखल करायची असेल, तर ती मांडणाऱ्याला एक रुपया दंड भरून तसे करता येते.

हडपसरच्या हिशेबातला शेवटचा गुंता घर सोडण्याच्या तारखेचा होता. भाडेकरू २५ जानेवारी २०२६ ला गेला. चालू कालावधी १० जानेवारी ते ९ फेब्रुवारी, म्हणजे एकतीस दिवसांचा. त्यातले सोळा दिवस तो राहिला. १८,५०० ला ३१ ने भागून १६ ने गुणले की ९,५४८ रुपये येतात. ‘महिना म्हणजे तीस दिवस’ धरले तर ९,८६७. करारात भागाकार कशाने करायचा ते लिहिले नव्हते, त्यामुळे दोघांनी कालावधीचे खरे दिवस धरायचे ठरवले. ऑगस्टच्या ८,५०० चा घोळ आधी सुटला होता : चारही महिन्यांची मिळकत एकत्र केली तेव्हा ती बरोबर चार भाड्यांची, ७४ हजारांची भरली, आणि वीजबिलाच्या नोंदी काकूंच्या दुसऱ्या वहीत निघाल्या.

६० हजारांतून ९,५४८ वळते करून ५०,४५२ रुपये एनईएफटीने परत गेले. या दिवशी दोन पावत्या लागल्या. एक मालकीणबाईंची : ‘१० ते २५ जानेवारी २०२६, सोळा दिवसांचे, ३१ दिवसांच्या हिशेबाने रु. ९,५४८/-, अनामतीतून वळते. रोख किंवा खात्यावर वेगळी रक्कम मिळालेली नाही’. दुसरी भाडेकरूने लिहून दिलेली : ‘रु. ६०,०००/- अनामतीपैकी रु. ९,५४८/- भाड्यापोटी वळते आणि रु. ५०,४५२/- एनईएफटीने, यूटीआर क्र. अमुक, माझ्या खात्यात जमा. अनामतीपैकी येणे बाकी नाही’. ही दुसरी पावती लिहून घ्यायचे मालक विसरतात, कारण पावती द्यायची ती आपणच, अशी वर्षभराची सवय त्यांच्या हाताला लागलेली असते.